सहावं कार्ड

एका स्लाइडवर एकच गोष्ट. हे वाक्य मी इतक्या वेळा बोलले आहे की घरात माझी नक्कल करायची असेल तर सगळे हेच म्हणतात. भाजीत मीठ आणि तिखट दोन्ही जास्त झालं तर नवरा म्हणतो, "एका भाजीवर एकच तक्रार." म्हणू दे. गुंतवणूकदारांसमोर दहा मिनिटं बोलायला जाणाऱ्या लोकांची सादरीकरणं नीट लावून देणं हा माझा गेल्या काही वर्षांचा धंदा आहे, आणि त्यात मी समजूतदार वगैरे अजिबात नाही. स्लाइडवर दोन गोष्टी दिसल्या की माझं डोकं फिरतं.

ती मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या लॅपटॉपमध्ये सव्वीस स्लाइड होत्या. मुलगी म्हणजे तिशीतली बाई, घोडबंदर रोडच्या एका कंपनीतली चांगली नोकरी सोडून सासूच्या हातची जवळ्याची चटणी पाकिटात घालून विकत होती. जवळा म्हणजे सुकवलेली बारकी कोलंबी. तो खमंग भाजायचा, त्यात भाजलेलं खोबरं, लाल मिरची, सुकवलेला लसूण घालायचा, आणि हवाबंद पाकीट सील करायचं. घर डोंबिवलीजवळच्या गावात, धंदा वागळे इस्टेटीतल्या एका गाळ्यात. दहा दिवसांनी एका गुंतवणूकदार बाईंसमोर तिला दहा मिनिटं मिळणार होती. ती हुकली तर वर्ष जाईल, आणि वर्षभर गाळ्याचं भाडं भरत बसायची आपली ताकद नाही, असं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं. गाळा सुटला तर आत काम करणाऱ्या चार बायका घरी बसणार, आणि तिची सासूही.

"सव्वीस स्लाइडमध्ये दहा मिनिटं?" मी विचारलं. "तू बोलणार आहेस की पानं उलटणार आहेस?"

"ताई, सगळंच महत्त्वाचं आहे."

"सगळं महत्त्वाचं असलं ना, की समोरच्याला काहीच आठवत नाही."

मी लॅपटॉप मिटला. माझी पद्धत जुनी आहे. घरी आलेल्या लग्नपत्रिका मी टाकत नाही, त्यांची कार्डं कापून ठेवते. मागची कोरी बाजू जाड असते आणि शाई फुटत नाही. एका कार्डावर मराठीत एक पूर्ण वाक्य लिहायचं. स्लाइडवर ते नंतर इंग्रजीत जाईल, पण विचार ज्या भाषेत होतो त्याच भाषेत खोट सापडते. नुसतं "बाजारपेठ" किंवा "आमची टीम" लिहिलेलं चालत नाही, त्या शब्दांच्या मागे काहीही लपतं. वाक्य लिहिलं की लपायला जागा राहत नाही. मग कार्डं नायलॉनच्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवायची आणि नुसती वाक्यं ओळीने मोठ्याने वाचायची. गोष्ट पुढे सरकली पाहिजे. जिथे अडखळायला होतं तिथे एक तर कार्ड चुकीच्या जागी आहे, नाहीतर त्यात दोन गोष्टी आहेत.

गाळा दुसऱ्या मजल्यावर होता. पुढे पॅकिंगचं टेबल, मागे पत्र्याच्या आडोशापलीकडे भट्टी आणि एक मोठा लोखंडी तवा. दोरी आम्ही पॅकिंगच्या टेबलामागे भिंतीला समांतर बांधली. दोन दिवस भांडून दहा कार्डं झाली.

पहिलं, आम्ही जवळ्याची चटणी करतो जी पाकीट फोडून थेट ताटात घेता येते. दुसरं कार्ड मला फार आवडलं होतं, ते तिचंच होतं: टॉवरमधल्या घरात सुकी मासळी भाजता येत नाही, शेजारी तक्रार करतात. यात काही खोटं नाही. आमच्या वर्तकनगरातही जवळा भाजला की जिन्यातून जाणारा प्रत्येकजण आमच्या दाराकडे बघून जातो. तिसरं, म्हणून आम्ही तो इथे भाजतो आणि वास पाकिटात बंद करून देतो. चौथं, टिकतं कसं. पाचवं, एकदा घेणारे पुन्हा घेतात. सातवं, असे लोक किती आहेत, आठवं, त्यांच्यापर्यंत आम्ही कसे पोचतो, नववं, कोण कोण आहोत, आणि दहावं, काय मागतो आणि त्यातून काय करणार. तिला बाजारपेठ दुसऱ्या नंबरवर हवी होती, तिच्या जुन्या नोकरीत तसंच करायचे म्हणे. मी तिला म्हटलं, आधी चार माणसांना आवडल्याचं दाखव, मग चार लाख माणसांची गोष्ट कर. ती हसली आणि ते कार्ड मागे गेलं.

राहिलं सहावं. पुन्हा घेतात हे ऐकल्यावर कोणीही विचारणार, दुसरा कोणी उद्या हेच करणार नाही कशावरून? याचं उत्तर तिथेच, लगेच हवं. ते न मिळता ऐकणारा पुढे आला तर तो मनाने मागेच राहतो. तिच्या जुन्या स्लाइडवर यासाठी सात मुद्दे होते. मी सगळे खोडले. शेवटी उरलं ते असं:

प्रत्येक बॅच आईच्या नाकाखालून जाते.

हेच खरं होतं. मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तिची सासू, जिला ती आई म्हणायची, साठीच्या पुढची, काटक, नऊवारीचा ओचा खोचून तव्याशी उभी राहायची. जवळा भाजत आला की सगळ्या बायका गप्प होत. ती वाकायची, डोळे मिटायची, लांब श्वास घ्यायची आणि म्हणायची, "झालं." त्या क्षणी भट्टी बंद. मला पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा आला होता. त्या वाकण्याचा व्हिडिओ सुनेने इंटरनेटवर टाकला होता आणि लोकांनी तो एकमेकांना पाठवला होता. पाकिटावर चित्रही तेच. सगळा धंदा त्या एका श्वासावर उभा होता, आणि सहावं कार्ड लटकवल्यावर पूर्ण दोरी पहिल्यांदा एका दमात वाचता आली. मी खूश झाले. माझ्या कामात असे क्षण थोडे येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर सहावं कार्ड नव्हतं.

चिमटा होता. चिमटा जागेवर, मिटलेला, काहीही न धरता लटकत होता. बाकीची नऊ कार्डं जशीच्या तशी. पंख्याने उडालं म्हणून मी टेबलाखाली वाकून पाहिलं. चिमट्यातून कार्ड उडतं आणि चिमटा दोरीवर राहतो, हे कसं, हा विचार वाकल्यावर डोक्यात आला. काही सापडलं नाही. मी पिशवीतून नवीन कार्ड काढलं, तेच वाक्य लिहिलं, लावलं.

त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा तेच. रिकामा चिमटा.

"तू काढलंस?" मी सुनेला विचारलं.

"मी कशाला काढू? कुलूप सकाळी मीच उघडलं, तुमच्यासमोर."

किल्ल्या दोनच होत्या, एक तिच्याकडे आणि एक तिच्या सासूकडे. सासू तेव्हा मागे जवळा निवडत बसली होती, वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे बाजूला करत. तिला विचारलं. तिने मान वर न करता नुसती हलवली. पॅकिंग करणारी एक वयस्क काकू होती, ती मात्र हातातलं पाकीट खाली ठेवून माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, ते एकच कागद लावू नका."

"का?"

तिने भिंतीजवळच्या स्टुलाकडे नजर टाकली. ते सासऱ्यांचं स्टूल. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती. बाजारातून जवळा पारखून तेच आणायचे आणि त्या स्टुलावर बसून भाजणं बघायचे. बायको काय करते ते बाहेरच्यांना सांगू नये असा त्यांचा कायम हट्ट होता. काकू एवढंच म्हणाली, "त्यांना नाय आवडत."

मी असल्या गोष्टींना भीक घालत नाही. तसं तिला सांगितलंही, जरा तोडूनच. पण तिसऱ्यांदा कार्ड लावताना माझी बोटं चिमट्यावर नको तेवढा वेळ रेंगाळली हे मला कळलं, आणि त्याचा मला राग आला. त्या दिवसापासून बायका टेबलाशी बसताना दोरीकडे पाठ करून बसू लागल्या. दुपारी कोणीतरी स्टुलावर एक वाटी पाणी ठेवलं. सुनेने ते पाहिलं आणि तसंच राहू दिलं. तीही आता सरावाच्या वेळी सहाव्या वाक्यापाशी आवाज खाली आणत होती.

तेव्हाच घडलेली एक गोष्ट मी तेव्हा मनावर घेतली नाही. चहाचं दूध शेगडीवर करपलं. सगळा गाळा त्या वासाने भरला, आम्ही पुढच्या टेबलाकडून आत धावलो. सासू शेगडीपासून हातभर अंतरावर बसली होती. ती निवडत राहिली.

तिसरं कार्डही गेलं.

पुढच्या दिवशी इस्टेटीची सुट्टी होती. शांतपणे एकटीने बसून ओळ पुन्हा बघावी, म्हणून मी सुनेकडून किल्ली घेतली. खरं सांगायचं तर रिकाम्या गाळ्यात ते कार्ड जातं कसं हे मला बघायचं होतं. सुट्टीच्या दिवशी वागळे इस्टेट फार वेगळी वाटते. रोज जिन्यात यंत्रांची धडधड पायांना लागते, आज पायऱ्या गप्प होत्या. खालच्या मजल्यावरचं शटर बंद, चहावाला नाही, रखवालदारही कुठे दिसेना. सकाळचे अकरा वाजले होते आणि मला माझ्याच चपलांचा आवाज नकोसा झाला. पहिल्या मजल्यावर आले आणि मला गॅसचा वास आला.

दुसऱ्या मजल्यावर तो इतका होता की घसा धरला. गाळ्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी ते ढकललं. आत दिवा नव्हता, पत्र्याच्या आडोशापलीकडे खिडकीचा करडा उजेड. त्यात ती तव्यासमोर उभी होती. तवा रिकामा, धुतलेला. ती त्याच्यावर वाकली होती, डोळे मिटून, आणि लांब, शांत श्वास घेत होती, जशी रोज घ्यायची. मग तिने मान हलवली, माझ्या मते नकाराची. आणि उजवा हात उचलला. हातात लायटर होता.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. ती दचकली आणि लायटर तिच्या हातून पडला. लायटर पडताना मी जे घाबरले तसं पुन्हा कधी होऊ नये. तो नुसता फरशीवर वाजला. मी सिलिंडरची चावी बंद केली, पंख्याच्या बटणाकडे जाणारा तिचा हात धरला, कारण तेवढ्या ठिणगीनेही भागलं असतं, आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. बर्नरची कळ अर्धी उघडी राहिली होती, बहुधा आदल्या संध्याकाळपासून. तिला ओढतच मी जिन्यात आणून बसवलं.

"मावशी, वास आला नाही तुम्हाला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा विचारणार तोच मला करपलेलं दूध आठवलं.

"मना वास येत नाय," ती म्हणाली. "दोन वरसं झाली. ताप आला तवा गेला, तो आलाच नाय."

सुट्टीच्या दिवशी ती मुद्दाम एकटी यायची. तव्यावर लसणाच्या चार पाकळ्या टाकायची आणि बघायची, आज तरी येतो का. आजही लसूण तिच्या कमरेच्या पिशवीत होता. तिने पिशवी उघडली आणि त्यातून माझी तीन कार्डं काढून माझ्या मांडीवर ठेवली, नीट चौपदरी घडी घातलेली.

"खोटं लटकतंय त्ये बघवत नवतं," ती म्हणाली. "पन सांगू कसं? पाकिटावर माझा फोटू हाय. नाक नाय म्हटल्यावर मी कशाला हाय तितं?"

मला तिचा राग आला, आधी तोच आला. कामाचा दिवस असता तर चार बायका, खालचा मजला, मी, सगळे उडालो असतो. तसं मी तिला तोंडावर बोलले. तिने ऐकून घेतलं. मग राग ओसरला. दोन वर्षं ही बाई रोज सगळ्यांसमोर वाकत होती, श्वास घेत होती, आणि आत काहीच येत नव्हतं. आणि तरी "झालं" म्हणत होती. मग ती चटणी बरोबर कशी होत होती? मी स्वतः खाल्ली होती, एकदा नाही, अनेकदा. एकही पाकीट कच्चं नव्हतं, एकही करपलेलं नव्हतं.

हे मी विचारलं तेव्हा ती पहिल्यांदा जरा हसली. आत वारा खेळून गॅस पूर्ण गेल्याची मी तीनदा खात्री केल्यावरच तिला भट्टी लावू दिली. तिने तव्यात ओंजळभर जवळा टाकला.

"डोले मिट. कान दे."

मी डोळे मिटले. उलथन्याने हलवताना जवळा आधी जड, मऊ सरकत होता, ओल्या पाल्यासारखा. बराच वेळ तसंच. मग त्यात मधेच एक बारीक टिचकी ऐकू आली, मग अजून काही. आणि मग एका क्षणी सगळा आवाज पालटला. कोरडा, हलका, खुळखुळता झाला. रिकाम्या इमारतीत, डोळे मिटून, मला वाटलं की तव्यात आता भलतंच काहीतरी आहे.

"आता बोलतंय बग," ती म्हणाली. "झालं."

पाणी उडालं की जवळा वाजतो, एवढंच त्याचं मर्म. आणि त्याच क्षणी वास पूर्ण फुलतो, म्हणून नाक होतं तेव्हा तिने कानाकडे लक्ष दिलं नव्हतं. नाक गेल्यावर कान पुढे आले. वाकून श्वास घेणं तिने चालू ठेवलं, कारण सगळे त्याची वाट बघायचे.

"बायला सांगू नको," ती म्हणाली. बाय म्हणजे सून.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "तुम्ही सांगायचं. आणि तोवर मी ते कार्ड लावणार नाही."

तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सादरीकरणाला दोन दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी रंगीत तालीम होती. बाहेरून प्रोजेक्टर आणला होता, भिंतीवर उजेड पाडला, बायकांना समोर बसवलं. आई मागे, सासऱ्यांच्या स्टुलाशेजारी खाली बसली. रात्री मी फाइलमध्ये एकच बदल केला होता. सहावी स्लाइड पूर्ण कोरी ठेवली होती. खोटं वाक्य मी तिथे घालणार नव्हते, आणि खरं वाक्य माझं नव्हतं.

सून छान बोलत होती. पाचवी झाली. तिने बटण दाबलं आणि भिंत पांढरी झाली.

नुसता पांढरा चौकोन. पंखा बंद होता, प्रोजेक्टरची घरघर तेवढी. दोरीवर सहावा चिमटा तसाच रिकामा होता आणि त्याची सावली त्या पांढऱ्यावर पडली होती, बोटभर. काकूने पदर तोंडाला लावला. सून माझ्याकडे वळली. "ताई, हे काय? हे तुम्ही केलंत?"

"हो."

"मग ती कार्डंही?"

हे मी बरोबर करते आहे याची मला मुळीच खात्री नव्हती. म्हातारीला सगळ्यांसमोर उघडं पाडायचा मला काय अधिकार होता? ती गप्प बसली असती तर मी पुढची स्लाइड लावून विषय संपवणार होते, आणि ते काम सोडणार होते.

मागून कापडाची सळसळ झाली. ती उठली, बायकांच्या मधून आली आणि उजेडात उभी राहिली. तिची सावली भिंतीभर झाली. तिने चारच वाक्यं सांगितली. वास येत नाही. दोन वर्षं येत नाही. कार्डं मीच काढली. चटणी मी ऐकून करते.

सून रडली नाही, सासूच्या गळ्यात पडली नाही. ती चिडली. "दोन वर्षं, आई? मी रोज लोकांना काय सांगतेय आणि तुम्ही बघताय?" मग तिने कपाटातून बॅचची वही काढली. प्रत्येक बॅचमधला थोडा जवळा ती ओलावा मोजायच्या छोट्या यंत्रात घालून बघायची आणि आकडा लिहून ठेवायची, कारण ओलावा राहिला तर पाकीट महिनाभरात खराब होतं. ती पानं उलटत गेली. तापाच्या आधीचे महिने आणि नंतरचे महिने. आकड्यांत काही फरक नव्हता. उलट नंतरचे एकमेकांना जास्त जवळ होते.

तरी तिचं समाधान झालं नाही. तिने आईला आडोशाच्या अलीकडे, भट्टीकडे पाठ करून स्टुलावर बसवलं. त्या स्टुलावर तीन वर्षांत कोणी बसलं नव्हतं. आत काकूने जवळा भाजायला घेतला. आईने मान जरा तिरकी केली. "झालं," ती म्हणाली. यंत्राने आकडा बरोबर दाखवला. दुसऱ्यांदाही बरोबर. तिसऱ्यांदा काकूने घाबरून मधेच हलवणं थांबवलं, तर आई पाठ वळवूनच म्हणाली, "थांबू नको, लागेल खाली." काकूच्या हातातून उलथनं पडता पडता राहिलं.

सून जमिनीवर बसली. वही मांडीवर घेत म्हणाली, "ताई, हे दुसऱ्या कोणाला शिकवता येईल?"

हा प्रश्न फक्त धंदा करणाऱ्या माणसालाच त्या क्षणी सुचतो. नाक शिकवता येत नाही. नाकाच्या स्लाइडवर ती गुंतवणूकदार बाई एकच गोष्ट विचारणार होती, की आई उद्या आजारी पडल्या तर काय. त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं, आणि मी ते इतके दिवस झाकत होते, चांगल्या वाक्याच्या मोहात पडून. आवाज मात्र ऐकवता येतो, रेकॉर्ड करता येतो, ओलाव्याच्या आकड्याशी पडताळता येतो. नवीन कार्ड तिने स्वतः लिहिलं: जवळा तयार झाला की त्याचा आवाज बदलतो, आणि तो ओळखायला आम्ही शिकवू शकतो.

मी वाचलं. "यात दोन गोष्टी आहेत."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी घाबरले. मग पेन घेऊन दुसरा अर्धा खोडला आणि नवव्या कार्डावर, माणसांच्या कार्डावर नेऊन लिहिला. तिथेच तो हवा होता. पाकिटावरचा फोटो बदलायचा हेही तिने त्याच दिवशी ठरवलं, आणि तो व्हिडिओ काढून टाकून खरी गोष्ट लिहिली. मागच्या बाजूला आई उभी होती. तिने चिमट्यात कार्ड स्वतः लावलं.

सादरीकरणाच्या दिवशी घोडबंदर रोडवर नेहमीसारखी गाड्यांची रांग होती आणि आम्ही जेमतेम वेळेत पोचलो. मी मागे बसले. सहावी स्लाइड काळी ठेवली होती, मधे एक ओळ. सुनेने बोलणं थांबवलं आणि रेकॉर्डिंग लावलं. त्या थंडगार, गालिचा घातलेल्या खोलीत तव्याचा तो आवाज जड, मऊ सुरू झाला. लोक खुर्चीत अस्वस्थ झाले. मग तो पालटला, आणि कोणी सांगायच्या आत त्या गुंतवणूकदार बाई म्हणाल्या, "आता झालं ना?" मी डोळे मिटून घेतले. आम्हाला होकार मिळाल्याचं पत्र नंतर आलं, पण मला ते तिथेच कळलं होतं.

आता गाळ्यात तवे तीन आहेत. आईने चौघींना शिकवलं, आणि त्या चौघींनी नव्या बायकांना. भाजताना त्या वाकत नाहीत, मान तिरकी करतात. आई रोज येते. तिला कोणी हलवलेलं नाही, सून तिला काही कमी पडू देत नाही. पण आता तिच्या "झालं"साठी कोणी थांबत नाही, कारण थांबायची गरज उरलेली नाही. ती ज्याला भीत होती ते असं झालं, प्रेमाने, सगळ्यांच्या भल्यासाठी, आणि मी लावलेल्या ओळीप्रमाणे.

मधे एकदा त्या बाजूला काम होतं म्हणून गेले. दुपारच्या जेवणाची सुट्टी, बायका खाली गेल्या होत्या. आडोशापलीकडे ती एकटीच होती. तवा धुऊन पुसून ठेवलेला, गार. ती त्याच्यावर वाकली होती, डोळे मिटून. मी पहिली नजर सिलिंडरकडे टाकली. तो बंद होता. माझी चाहूल तिला लागली, तिला ती लागतेच.

"ताई," ती डोळे न उघडता म्हणाली, "येतो का गं?"

तिथे कसलाही वास नव्हता. नुसतं धुतलेलं लोखंड. याच बाईची एक खोटी ओळ मी कोरी ठेवली होती, मोठ्या तत्त्वाने.

"येतोय," मी म्हणाले.

तिने लांब श्वास घेतला आणि मान हलवली. "मंग झालं," ती म्हणाली, आणि माझ्यासाठी पाट सरकवून दिला.